४९ अँपिअरचा मॉस्फेट ४ अँपिअरला का तापतो: IRFZ44N ची डेटाशीट नीट वाचूया

प्रश्न: "ईएसपी३२ वरून १२ व्होल्टची ४ अँपिअरवाली एलईडी पट्टी चालवतोय, मध्ये IRFZ44N मॉस्फेट. डेटाशीटमध्ये ४९ अँपिअर लिहिलंय आणि थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट, मग ३.३ पुरायला हवं ना? पण पट्टी थोडी मंद लागते, मिनिटभरात जरा उजळते आणि मॉस्फेटला बोट लावता येत नाही. त्याच पाकिटातला दुसरा लावला तर पट्टी जेमतेम पेटते. पूर्ण ऑन ठेवून मोजलं तर ड्रेन-सोर्समध्ये ०.५ व्होल्ट आणि करंट ३.३ अँपिअर. डेटाशीट कशी वाचायची तेच कळत नाहीये."

मोजून लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्या दोन आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. तुमचे दोन्ही मॉस्फेट बहुतेक चांगलेच आहेत, खराब नाहीत. घोळ झालाय तो डेटाशीटमधले दोन आकडे त्यांच्या अटी सोडून वाचल्यामुळे. मीपण सुरुवातीला अगदी हेच केलंय, थ्रेशोल्ड बघितला, म्हटलं झालं, आणि टेबलावर पाच मिनिटं चाललेली गोष्ट डब्यात बंद केल्यावर मेली.

आधी तो ४९ घेऊ. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतो म्हणून सगळे तोच बघतात. पण आतल्या अॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्जच्या टेबलात त्याच ओळीत बारीक अक्षरात TC = 25°C आणि VGS @ 10V असं लिहिलेलं आहे. TC म्हणजे केसचं तापमान, खोलीचं नाही. म्हणजे मॉस्फेटची पाठ कसंही करून २५ अंशांवर धरून ठेवली, पाण्याने थंड करा नाहीतर अजून काही करा, आणि गेटला १० व्होल्ट दिले, तर ४९. तिथेच खालच्या ओळीत केस १०० अंशांवर असेल तर ३५ असं आहे. आणि हा आकडा आला कुठून, तर चिप आत १७५ अंशांना पोचेपर्यंत किती करंट ढकलता येईल याचा तो हिशोब आहे. ऑन-रेझिस्टन्स जास्तीत जास्त १७.५ मिलिओम, पण तो २५ अंशांना, चिप १७५ ला गेली की तो जवळपास दुप्पट होतो, टायपिकल ग्राफांमध्ये नॉर्मलाइज्ड ऑन-रेझिस्टन्स नावाचा एक आहे त्यात ती चढण दिसते. ४९ चा वर्ग गुणिले तो दुप्पट झालेला रेझिस्टन्स करून बघा, ८४ वॉटच्या आसपास येतं, आणि टेबलात PD समोर लिहिलेत ९४ वॉट. म्हणजे ४९ हा "इतका वापरा" असा सल्ला नाही, "याच्यापुढे आम्ही जबाबदार नाही" अशी रेघ आहे. या टेबलातले सगळेच आकडे तसे असतात. वापरायचे आकडे पुढच्या टेबलात, इलेक्ट्रिकल कॅरेक्टरिस्टिक्सच्या.

तुमच्यासाठी खरा मर्यादा घालणारा आकडा त्या ९४ च्या जवळपासही नाही. थर्मल रेझिस्टन्सचं छोटं टेबल बघा, तिथे RθJC १.५ आहे आणि RθJA ६२. पहिला चिपपासून केसपर्यंतचा, दुसरा चिपपासून थेट हवेपर्यंतचा, म्हणजे हीटसिंक न लावता मॉस्फेट नुसता उभा असेल तेव्हाचा. ६२ चा अर्थ एवढाच की प्रत्येक वॉटमागे चिप आजूबाजूच्या हवेपेक्षा ६२ अंशांनी जास्त तापते. मग हीटसिंकशिवाय हवा २५ अंश असताना १७५ गाठायला किती वॉट लागतात? १५० भागिले ६२, फक्त २.४ वॉट. तोच भाग, तीच शीट, एका अटीत ९४ वॉट आणि दुसऱ्या अटीत २.४.

आता तुमची मोजमापं घाला यात. ०.५ व्होल्ट गुणिले ३.३ अँपिअर म्हणजे १.६५ वॉट. त्याला ६२ ने गुणलं की १०२ अंश. खोली ३० अंश धरली तर चिप १३२ अंशांवर बसलीये, बोट लावता येत नाही ते साहजिकच. जळला नाही कारण १७५ च्या आत आहे, पण बंद डब्यात हवाच ५०-६० झाली की अंतर फारसं उरत नाही.

मग हे ०.५ व्होल्ट आले कसे? १७.५ मिलिओम असते तर ३.३ अँपिअरला ०.०६ व्होल्टच्या आत दिसायला हवे होते. तुमचा मॉस्फेट दीडशे मिलिओमसारखा वागतोय, म्हणजे आठपटीहून जास्त. इथे येतो थ्रेशोल्ड.

VGS(th) ची ओळ आडवी पूर्ण वाचा, मधला कंडिशन्सचा रकाना सोडू नका. तिथे ID = 250µA लिहिलंय. म्हणजे ज्या गेट व्होल्टेजला ड्रेनमधून पाव मिलिअँपिअर करंट वाहायला लागतो ते व्होल्टेज. हे मॉस्फेट चालू झाल्याचं व्होल्टेज नाही हो, बंद असण्याची हद्द कुठे संपते ते सांगणारं व्होल्टेज आहे! तुम्हाला ४ अँपिअर हवेत, म्हणजे त्याच्या सोळा हजार पट. आणि त्या ओळीत किमान २ आणि कमाल ४ असे दोन आकडे आहेत, टायपिकलचा रकाना रिकामा आहे. त्याचा अर्थ ज्याला २.६ ला कुरकुर सुरू होते तोही पास आणि ज्याला ३.८ ला होते तोही पास. तुमच्या पाकिटातला पहिला नग अडीचच्या जवळपासचा निघाला असणार म्हणून ३.३ वर अर्धामुर्धा उघडला, दुसरा तीनच्या पुढचा असणार म्हणून जेमतेम. दोघेही शीटप्रमाणे बरोबर. नुसता टायपिकल आकडा बघून डिझाइन केलं की हीच गत होते, एक नग चालतो आणि दहा बनवले की तीन चालत नाहीत.

"पूर्ण चालू" कशाला म्हणायचं ते त्याच टेबलातली RDS(on) ची ओळ सांगते: १७.५ मिलिओम, अट VGS = 10V, ID = 25A. या शीटमध्ये रेझिस्टन्सची ही एकच ओळ आहे. ५ व्होल्टला किती, ३.३ ला किती, काहीच लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्याची खात्री कंपनीने दिलेलीच नाही. मॉस्फेट निवडताना मी थ्रेशोल्ड बघतच नाही आता, सरळ RDS(on) ची ओळ बघतो आणि तिथे माझ्याकडे असलेलं गेट व्होल्टेज किंवा त्याहून कमी लिहिलंय का ते तपासतो. नसेल तर तो भाग माझ्यासाठी नाही.

ग्राफांकडे येऊ, कारण तुमची मिनिटभरात पट्टी उजळण्याची गंमत तिथेच दिसते.

पहिला ग्राफ आउटपुट कॅरेक्टरिस्टिक्सचा. आडव्या अक्षावर ड्रेन-सोर्स व्होल्टेज, उभ्यावर ड्रेन करंट, आणि प्रत्येक रेघ एका गेट व्होल्टेजची. सगळ्यात वरची १५ व्होल्टची, खालची ४.५ ची. दोन गोष्टी आधी बघायच्या. एक, दोन्ही अक्ष लॉग आहेत, १, १०, १०० असे, त्यामुळे रेघांमधलं दिसायला बोटभर अंतर प्रत्यक्षात कित्येक पट असतं, डोळ्याने अंदाज काढू नका. दोन, कोपऱ्यात 20µs pulse width लिहिलंय, म्हणजे चिप तापायच्या आत झटकन मोजून घेतलेलं आहे, सतत चालवलं तर हे चित्र असं राहत नाही. आता रेघेचा आकार बघा, डावीकडे तिरपी चढते आणि मग आडवी होते. तिरप्या भागात मॉस्फेट साध्या रेझिस्टरसारखा असतो, आपल्याला स्विच म्हणून तिथेच राहायचंय. आडव्या भागात तो करंट अडवून धरतो, व्होल्टेज कितीही वाढवा करंट वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. गेट व्होल्टेज जितकं कमी तितकी रेघ लवकर आडवी होते. ४.५ ची रेघच बाकीच्यांच्या पुष्कळ खाली आडवी पडलीये, आणि तुमचं ३.३ तर तिच्याही खाली, ग्राफात काढलेलंच नाही. कंपनीने ती रेघ काढायची तसदी घेतली नाही यातच उत्तर आलं.

तिसरा ग्राफ ट्रान्स्फर कॅरेक्टरिस्टिक्सचा, आडवं गेट व्होल्टेज, उभा ड्रेन करंट, आणि दोन रेघा, एक २५ अंशांची, एक १७५ ची. या दोन रेघा एका ठिकाणी एकमेकींना छेदतात आणि माझ्या मते अख्ख्या शीटमधली सगळ्यात शिकवणारी जागा ती. छेदाच्या उजवीकडे, म्हणजे गेटला भरपूर व्होल्टेज असताना, गरम मॉस्फेट कमी करंट नेतो. डावीकडे उलटं, गरम झाला की जास्त नेतो, कारण तापल्यावर थ्रेशोल्ड खाली सरकतो. तुम्ही छेदाच्या खूप डावीकडे आहात. सुरू केल्यावर थंड मॉस्फेट कमी उघडतो, पट्टी मंद, तो तापतो, थ्रेशोल्ड उतरतो, जास्त उघडतो, पट्टी उजळते. तुमच्या बाबतीत पट्टीतले रेझिस्टर करंट आवरून धरतात म्हणून कुठेतरी जाऊन थांबतं. पण उजळताना दिसलं म्हणजे सुधारलं असं समजू नका, चालू झाल्यावर हळूहळू उजळणारा लोड ही मॉस्फेट अर्धवट उघडल्याची चांगली खूण आहे.

याच संदर्भात सेफ ऑपरेटिंग एरियाचा ग्राफ एकदा बघून घ्या. तिथे मायक्रोसेकंद-मिलिसेकंदांच्या पल्सच्या रेघा आहेत, सततच्या डीसीची रेघच नाही. म्हणजे अर्धा उघडा ठेवून कायम चालवायचा विचार या मॉस्फेटसाठी केलेलाच नाही, हा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असा स्विच आहे.

पायांबद्दल. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मागचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो, हे शीटमध्ये चित्रात एका छोट्या रेघेने दाखवलेलं असतं आणि सुटून जातं. तुमच्या सर्किटमध्ये ड्रेन म्हणजे पट्टीचा निगेटिव्ह. पत्रा ग्राउंड केलेल्या डब्याला टेकला तर मॉस्फेट बायपास होऊन पट्टी कायम चालू राहणार, आणि एका हीटसिंकवर तीन रंगांचे तीन मॉस्फेट अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड न लावता बसवले तर तिन्ही रंग एकत्र पेटणार. दुसरं, चिन्हात सोर्सपासून ड्रेनकडे तोंड केलेला डायोड काढलेला दिसेल, तो शोभेला नाही, खरंच आत आहे. ड्रेन-सोर्स उलटे जोडले तर करंट त्या डायोडमधून जातो आणि गेट काहीही करा पट्टी विझत नाही. आणि गेटला शीटमध्ये उणे-अधिक २० व्होल्ट ही हद्द आहे, ती मात्र खरी कडक, एकदा ओलांडली की आतला ऑक्साइडचा पातळ थर फुटतो आणि परत येत नाही.

मग करायचं काय. तुम्हाला वाटेल ३.३ व्होल्टला चालणारा मॉस्फेट घेऊ. नावाने IRLZ44N जवळचा आहे, लॉजिक-लेव्हल, त्याच्या शीटमध्ये RDS(on) च्या तीन ओळी आहेत: १० व्होल्टला २२, ५ व्होल्टला २५ आणि ४ व्होल्टला ३५ मिलिओम. बघा, ४ च्या खाली तोही काही बोलत नाही. ३.३ वर बहुतेक नग चालतील, पण ते बहुतेकवर झालं, शीटवर नाही. AO3400A घेतला तर त्याच्या शीटमध्ये २.५ व्होल्टची ओळ आहे, जास्तीत जास्त ४८ मिलिओम, म्हणजे गेटचा प्रश्न सुटला. पण हिशोब पुढे न्या: ४ चा वर्ग १६ गुणिले ०.०४८, पाऊण वॉटच्या थोडं वर. आणि हा तांदळाच्या दाण्याएवढा भाग, त्याचा RθJA सततच्या वापराला जास्तीत जास्त १२५, तोही बोर्डावर चांगलं तांबं असेल तर. ९६ अंश वाढले की, जिथून निघालो तिथेच आलो! दीड-दोन अँपिअरच्या पट्टीला हा उत्तम, तुमच्या ४ ला नाही.

मी असतो तर IRLZ44N ठेवला असता आणि गेटला ५ व्होल्ट दिले असते, मध्ये 74HCT125 हा बफर घालून, तो ईएसपी३२ चा ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करून देतो. ५ व्होल्टवर चालवलेल्या या बफरच्या शीटमध्ये VIH किमान २.० आहे, म्हणजे २ च्या वर काहीही दिलं तर तो हाय समजणार अशी हमी. ईएसपी३२ चा हाय त्याच्या शीटप्रमाणे सप्लायच्या ०.८ पट, ३.३ वर २.६४ व्होल्ट, तो किमान आकडा. २.६४ हे २.० पेक्षा जास्त, झालं, जुळलं. एकाची कमीत कमी हमी दुसऱ्याच्या गरजेहून जास्त आहे का, दोन शीट शेजारी ठेवून एवढंच बघायचं असतं. घाईत T नसलेला 74HC125 उचलू नका, ५ व्होल्टला त्याला साडेतीनच्या आसपास हवे असतात, मग कधी चालेल कधी नाही.

त्याच्या पायांमध्ये एक नवं चिन्ह भेटेल. पाय १ च्या नावावर, OE वर, आडवी रेघ आहे. रेघ म्हणजे हा पाय लो असताना काम करतो. तो ग्राउंडला जोडा, मोकळा ठेवलात तर बफरचं आउटपुट कधी जिवंत कधी हवेत. २ वर ईएसपी३२, ३ वरून १०० ओमच्या आसपासचा रेझिस्टर घालून गेट, ७ ग्राउंड, १४ ला ५ व्होल्ट आणि त्या दोघांमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर अगदी चिकटून. आत आणखी तीन बफर आहेत, त्यांची इनपुटं ग्राउंड करून टाका. गेट ते सोर्स १० किलोओम लावाच. ईएसपी३२ बूट होताना पाय तरंगत असतात, त्यामुळे बफरच्या इनपुटलाही १० किलोओम ग्राउंडकडे द्या, नाहीतर चालू करताना पट्टी चमकेल.

नवीन हिशोब: २५ मिलिओम गुणिले १६, म्हणजे ०.४ वॉट, गुणिले ६२, २५ अंश. खोली ३० असेल तर चिप ५५, तापल्यावर रेझिस्टन्स थोडा चढतो तो धरून ६० म्हणा. हीटसिंक नको.

आहे तोच IRFZ44N वापरायचा असेल तर गेटला १२ व्होल्ट देता येतात, २० ची हद्द लांब आहे. लहान एनपीएन ट्रान्झिस्टर, त्याचा कलेक्टर गेटला, गेटवरून १ किलोओम १२ व्होल्टला, बेसला ४.७ किलोओममधून ईएसपी३२. फक्त लॉजिक उलटं होतं आणि बूटच्या वेळी पट्टी पूर्ण पेटते, कारण ट्रान्झिस्टर बंद म्हणजे गेट वर. काहींना चालतं, मला नाही आवडत.

पीडब्ल्यूएम करणार असाल तर गेट चार्जची ओळही बघावी लागते, IRFZ44N ला जास्तीत जास्त ६३ नॅनोकुलोंब. चार्ज भागिले करंट म्हणजे वेळ, २० मिलिअँपिअरने भरायला ३ मायक्रोसेकंदांच्या थोडं वर. तेवढा वेळ तो अर्धवट उघडा असतो, वर सांगितलेल्या आडव्या भागात. एलईडीच्या १ किलोहर्ट्झला एक सायकल १००० मायक्रोसेकंदांची, त्यात ३ काहीच नाहीत. १०० किलोहर्ट्झला सायकल १० ची, मग मात्र तो बहुतेक वेळ तापण्यातच घालवेल.

एक शेवटचं, शीट तुमच्या हातातल्या भागावर ज्या कंपनीची छाप आहे तिचीच उघडा. IRFZ44N मूळ इंटरनॅशनल रेक्टिफायरचा, ती २०१५ मध्ये इन्फिनिऑनने घेतली, पण तेच नाव इतरही कंपन्या छापतात आणि शेपटीचं N नसलेला IRFZ44 हा वेगळा भाग आहे, ६० व्होल्ट आणि २८ मिलिओमवाला.

बदल केल्यावर परत तसंच मोजा, पट्टी पूर्ण ऑन, मीटर ड्रेन-सोर्सवर, काड्या थेट पायांवर टेकवून. IRLZ44N ला ४ अँपिअरवर ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसायला हवं. ०.३-०.४ दिसलं तर आधी गेट-सोर्स मोजा, तिथे ५ च्या जवळ नसतील तर चूक बफरच्या बाजूला, बहुतेक वेळा तो OE चा पाय. गेटला ५ आहेत आणि तरी ड्रेन-सोर्स ०.४ असेल, तर तो भाग नावाप्रमाणे नाहीये, दुसरीकडून घ्या.